गुगलवर तांदूळ विकताय? मग शीर्षकातली पहिली तीस अक्षरं नीट वापरा

गुगलवर 'चिन्नोर तांदूळ ५ किलो' असं शोधलं की वरच्या बाजूला फोटो, किंमत आणि दुकानाचं नाव असलेल्या छोट्या चौकटींची एक रांग बऱ्याचदा दिसते. या चौकटी म्हणजे पैसे देऊन दाखवल्या जाणाऱ्या शॉपिंग जाहिराती. प्रत्येक चौकटीत फोटोखाली एक-दोन ओळींत वस्तूचं नाव असतं, आणि अनेकदा ते मध्येच तुटून पुढे तीन टिंबं येतात. या तीन टिंबांमागे नेमकं काय लपलंय यावर विक्रेत्याचे पैसे वाचतात किंवा वाया जातात.

हे समजून घ्यायला भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीचं उदाहरण घेऊ. तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं हे गाव. शेजारीच मॉईलची डोंगरी बुजुर्ग ही मँगनीजची खाण आहे, त्यामुळे बाहेरच्यांना हा पट्टा मँगनीजसाठी ठाऊक असतो. पण मँगनीज विकायला गुगलची चौकट लागत नाही. धानाचं तसं नाही. भंडाऱ्याच्या चिन्नोर या सुगंधी तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुण्या-मुंबईतले लोकही तो नावाने मागू लागले. तेव्हा समजा, नाकाडोंगरीतली एक छोटी राइस मिल स्वतःची वेबसाइट काढून चिन्नोर विकते. जवळून वाहणाऱ्या नदीवरून तिने ब्रँडचं नाव 'बावनथडी' ठेवलंय. ही मिल आणि हा ब्रँड आपण समजण्यापुरता मानलेला आहे, पण अडचण खरी आहे.

आधी फीड म्हणजे काय ते पाहू

शॉपिंग जाहिरात देताना नेहमीच्या जाहिरातीसारखा मजकूर लिहावा लागत नाही. कोणत्या शब्दावर आपली जाहिरात दिसावी, ते शब्दही निवडून द्यावे लागत नाहीत. विक्रेता गुगलच्या मर्चंट सेंटरला फक्त मालाची यादी देतो. एका ओळीत एक वस्तू, आणि प्रत्येक ओळीत ठरलेले रकाने: ओळख क्रमांक, शीर्षक, वर्णन, फोटोची लिंक, किंमत, ब्रँड वगैरे. या यादीला प्रॉडक्ट फीड म्हणतात. ती साध्या गुगल शीटमध्येही करता येते.

या यादीतल्या `title` या रकान्याला दोन कामं करावी लागतात. ग्राहकाने जे शोधलं त्याच्याशी कोणती वस्तू जुळते हे ठरवताना गुगल शीर्षकातले शब्द वाचतं. आणि तेच शीर्षक चौकटीत ग्राहकालाही दिसतं. जुळवणीच्या वेळी गुगलसमोर पूर्ण शीर्षक असतं, ग्राहकाला मात्र त्याचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो. गोंधळ होतो तो इथेच. शीर्षकात 'पाच किलो' शेवटी लिहिलं तरी गुगलला ते कळतं आणि जाहिरात योग्य शोधावर येते. ग्राहकाला मात्र ते दिसत नाही.

किती अक्षरं दिसतात?

मर्चंट सेंटरमध्ये शीर्षकाची कमाल मर्यादा १५० अक्षरांची आहे, त्यात मधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. पण १५० चालतात म्हणजे १५० दिसतात असं नाही. स्क्रीनच्या आकारानुसार ग्राहकाला साधारण पहिली ७० किंवा त्याहूनही कमी अक्षरं दिसतात, असं गुगलच सांगतं आणि महत्त्वाचं आधी लिहायला सुचवतं. मोबाइलवर एका रांगेत दोन-अडीच चौकटी बसवलेल्या असतात, तिथे जागा आणखी आटते.

नेमका आकडा कुणी देऊ शकत नाही, कारण शीर्षक अक्षरं मोजून कापलं जात नाही. ते जागा संपल्यावर कापलं जातं. इंग्रजीतला `W` किंवा `m` जास्त जागा खातो, `i` आणि `l` कमी. फोनवर अक्षरांचा आकार मोठा करून ठेवलेल्या आजोबांना आणखी कमी दिसतं. म्हणून कामापुरतं एक कडक माप धरावं. आपण इथे ३० धरू. जे ३० अक्षरांत नीट कळतं ते बहुतेक कुठल्याही स्क्रीनवर कळतं.

देवनागरीत शीर्षक लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. काना, मात्रा, उकार, अनुस्वार हे आपल्याला अक्षराचा भाग वाटतात, संगणक मात्र ते वेगळे मोजतो. 'तांदूळ' आपल्या लेखी तीन अक्षरांचा शब्द, पण शीटमध्ये `LEN` सूत्र लावलं तर उत्तर ६ येतं. म्हणजे १५० ची मर्यादा देवनागरीत वाटते त्याच्या बरीच आधी संपते. या लेखातली शीर्षकं इंग्रजीत दिली आहेत, कारण आपल्या मिलची वेबसाइट इंग्रजीत आहे असं आपण मानलंय. फीडची भाषा आणि वेबसाइटच्या पानाची भाषा एकच असावी लागते.

मिलचं जुनं शीर्षक

वेबसाइटवर माल चढवताना मिलने तीन पिशव्या टाकल्या: १ किलो, ५ किलो आणि १० किलो. पाच किलोच्या पिशवीचं शीर्षक असं होतं:

```
Bawanthadi Farm Fresh Premium Quality Natural Aromatic Chinnor Rice from Bhandara District 5 kg
```

ही ९५ अक्षरं झाली. नियमात बसतात, वाचायलाही बरी वाटतात. आता ३० वर कापून बघा:

```
Bawanthadi Farm Fresh Premium…
```

यात काय विकायला आहे? फोटोत पांढरी पिशवी आहे, म्हणजे तांदूळ असेल, पीठ असेल किंवा साखरही असेल. त्याहून वाईट म्हणजे तिन्ही पिशव्यांचं शीर्षक इथपर्यंत तंतोतंत सारखं आहे. ७० अक्षरं दिसणाऱ्या मोठ्या स्क्रीनवरही `Rice` नंतरच्या `from` मध्येच कात्री लागते आणि वजन बाहेर राहतं.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहा. नागपूरच्या कुणा ताईंना एक किलो चिन्नोर चव बघायला हवाय. त्यांना पाच किलोची चौकट दिसते. किंमत बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त दिसते, पण वजन कुठेच नाही. 'एवढा महाग कसा?' म्हणून त्या क्लिक करतात, पान उघडतं, पाच किलो दिसतात, आणि त्या परत जातात. या क्लिकचे पैसे मिलच्या खात्यातून गेले. उलट पाच किलो हवा असणारे दुसरे ग्राहक तीच किंमत एका किलोची समजून क्लिकच करत नाहीत. म्हणजे नको तो आत येतो आणि हवा तो बाहेरून निघून जातो.

आधी काय लिहायचं?

शीर्षकात ब्रँड, वस्तूचा प्रकार आणि महत्त्वाचा गुणधर्म, हे तीन घटक लागतात. त्यांचा सगळ्यांना लागू पडणारा एकच क्रम नसतो. 'ब्रँड आधी लिहा' हा सल्ला खूप ठिकाणी वाचायला मिळतो, आणि छोट्या विक्रेत्यासाठी तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. क्रम ठरवायला दोन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: ग्राहक ब्रँडच्या नावाने शोधतो का? कुकर घ्यायचा असेल तर लोक थेट कंपनीचं नाव टाकतात. भंडाऱ्यातलं भांड्यांचं दुकान हॉकिन्सचा कुकर विकत असेल तर `Hawkins Contura 3 Litre Pressure Cooker` हे शीर्षक बरोबर आहे. ब्रँड, मॉडेल आणि माप पहिल्या २३ अक्षरांत येऊन जातं. नंतर `Pressure` हा शब्द मध्येच तुटला तरी बिघडत नाही, कारण हा कुकर आहे हे फोटोत दिसतंच.

'बावनथडी' मात्र अजून कुणी शोधत नाही. लोक 'चिन्नोर' शोधतात. शिवाय शॉपिंगच्या चौकटीत किमतीच्या जवळ दुकानाचं नाव वेगळं छापलेलं असतं. मिलचं दुकान आणि ब्रँड एकच, म्हणजे `Bawanthadi` हे नाव चौकटीत तसंही दिसणार आहे. तेच शीर्षकाच्या सुरुवातीला पुन्हा लिहिणं म्हणजे तीसपैकी अकरा जागा फुकट घालवणं. यावर कुणी विचारेल, की ब्रँड मागे टाकला तर गुगलला तो कळेल का? कळेल. त्यासाठी फीडमध्ये `brand` हा वेगळा रकाना आहे, तो भरायचाच. आणि शीर्षकातूनही नाव काढून टाकायचं नाही, फक्त शेवटी न्यायचं.

दुसरा प्रश्न: फोटोत काय दिसत नाही? माझ्या मते हा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. चौकटीत फोटो आणि शीर्षक एकमेकांना खेटून असतात. फोटोने जे सांगितलं ते शीर्षकाने पहिल्या शब्दांत पुन्हा सांगण्याची गरज नसते. तांदळाच्या पिशवीच्या फोटोवरून वाण कळत नाही आणि वजनही कळत नाही, कारण एक किलो आणि पाच किलोची पिशवी लहान चौकटीत सारखीच दिसते. म्हणून वाण आणि वजन या दोन गोष्टी आधी.

नवीन शीर्षक

```
Chinnor Rice 5 kg, Bhandara, Aromatic, Bawanthadi
```

ही ४९ अक्षरं आहेत. पहिल्या १७ अक्षरांत प्रकार आणि वजन संपतं, २७ व्या अक्षरापर्यंत भंडाराही येतो. तीसवर कापलं तर `Chinnor Rice 5 kg, Bhandara, A…` इतकं दिसतं आणि एवढ्यावर ग्राहक निर्णय घेऊ शकतो. तिन्ही पिशव्या आता अठराव्या अक्षराच्या आतच एकमेकींपासून वेगळ्या होतात.

जुन्यातले `Premium`, `Quality`, `Natural`, `Farm Fresh` हे शब्द गेले. ते नियमाविरुद्ध होते असं नाही. पण प्रत्येक तांदूळवाला ते लिहितो, त्यामुळे त्यातून ग्राहकाला काही कळत नाही. तुमचा तांदूळ खरंच हातसडीचा असेल तर ते मात्र लिहा, कारण तो फरक आहे. दुसरीकडे काही गोष्टी गुगलच्या नियमातच बसत नाहीत: शीर्षकात किंमत, सवलत किंवा 'फ्री डिलिव्हरी' लिहिणं, लक्ष वेधायला सगळी अक्षरं कॅपिटल करणं, चित्रविचित्र चिन्हं टाकणं. अशाने वस्तू नाकारली जाऊ शकते.

मानांकनाबद्दल थोडं जपून. भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव वापरण्याचा हक्क कायद्याने नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याला असतो. आपली मिल तशी नोंदलेली आहे असं आपण इथे धरलंय. तुमची नोंद नसेल तर शीर्षकात `GI` घालून ग्राहक ओढू नका, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या तांदळावर 'भंडारा' तर मुळीच लिहू नका.

स्पेलिंगचा प्रश्नही येतो. चिन्नोर कुणी `Chinnor` लिहितं, कुणी `Chinoor`, कुणी `Chinor`. तिन्ही शीर्षकात कोंबायचा मोह होतो, पण मग वजन पुन्हा मागे ढकललं जातं. शीर्षकात एकच स्पेलिंग ठेवा आणि बाकीची `description` या रकान्यात सहज वाक्यात आणा. तिथे ५००० अक्षरांपर्यंत जागा असते.

साडीचं गणित वेगळं

तोच दुसरा प्रश्न वेगळ्या मालाला लावला की क्रम कसा बदलतो ते बघण्यासारखं आहे. भंडारा जिल्ह्यातच मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. तिथली कोशाची विणाई प्रसिद्ध आहे. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेली करवतकाठी साडी ही विदर्भाची खास ओळख. ही साडी शॉपिंगमध्ये विकायची असेल तर विक्रेत्याच्या हातून हमखास रंग आधी लिहिला जातो: `Beautiful Maroon Saree…`. पण मरून रंग फोटोत दिसतोच आहे. दिसत नाही ते हे, की कापड खरा कोसा आहे की कृत्रिम धागा. किंमत कित्येक पटींनी बदलते ती त्याच कारणाने. म्हणून:

```
Tussar Silk Saree Karvath Kati Border, Maroon, Handloom
```

यातले पहिले पाच शब्द बरोबर ३० अक्षरांत संपतात. रंग मागे गेला, पण काढला नाही. एकाच साडीचे चार रंग असतील तर प्रत्येक ओळीच्या शीर्षकात तो तो रंग हवाच, नाहीतर 'मरून कोसा साडी' शोधणाऱ्याला हिरवी साडी दाखवली जाऊ शकते.

यादी तपासायची सोपी रीत

शीर्षकं शीटच्या `A` स्तंभात असतील तर शेजारच्या स्तंभात हे सूत्र टाका आणि खाली ओढा:

```
=LEFT(A2,30)
```

आता मूळ स्तंभ लपवा आणि फक्त हा कापलेला स्तंभ घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या, ज्यांना मालाची यादी पाठ नाही अशा कुणाला. प्रत्येक ओळीवर त्यांना काय विकायला आहे आणि केवढं आहे हे सांगता आलं पाहिजे. दोन ओळी सारख्या दिसत असतील तर फरक सांगणारा शब्द कात्रीच्या पलीकडे पडलाय, तो पुढे आणा. अशा जुळ्या ओळी शंभर-दोनशे वस्तूंच्या यादीत डोळ्यांनी सापडत नाहीत, त्यासाठी कापलेल्या स्तंभावर `COUNTIF` लावा. उत्तर एकपेक्षा जास्त आलेली प्रत्येक ओळ दुरुस्तीला घ्या.

इथे दोन तांत्रिक गोष्टी अडवतात. फीड स्वल्पविरामाने वेगळी केलेली `CSV` फाइल असेल आणि शीर्षकातही स्वल्पविराम असेल, तर शीर्षकाभोवती दुहेरी अवतरण चिन्हं हवीत. नाहीतर शीर्षक `Chinnor Rice 5 kg` इथेच तुटतं आणि 'भंडारा' वर्णनाच्या रकान्यात जाऊन बसतो. शीटमधून थेट फीड दिली तर हा प्रश्न येत नाही.

दुसरी गोष्ट `short_title` या रकान्याची. नावावरून वाटतं, की छोटं शीर्षक इथे भरलं म्हणजे काम झालं. पण हा रकाना डिमांड जेनसारख्या, लोक स्क्रोल करत असताना दिसणाऱ्या जाहिरातींसाठी आहे. शोधाच्या वेळी दिसणाऱ्या शॉपिंग चौकटीत `title` च वापरलं जातं. तेव्हा मुख्य शीर्षकाची सुरुवात सुधारण्यावाचून गत्यंतर नाही.

पानावरही तेच दिसलं पाहिजे

शीर्षकात `5 kg` आणि क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर आधीपासून १ किलो निवडलेलं, असं बऱ्याच दुकानांत होतं. कारण तिन्ही वजनांसाठी एकच लिंक दिलेली असते. ग्राहकाला फीडमधली किंमत आणि पानावरची किंमत वेगळी दिसते. गुगलच्या तपासणीतही तेच दिसतं आणि वस्तू किंमत जुळत नाही म्हणून थांबवली जाते. उपाय असा, की प्रत्येक वजनाची स्वतंत्र लिंक द्यायची, जी उघडल्यावर तेच वजन निवडलेलं असेल. पानावरचं मोठं नावही फीडमधल्या शीर्षकाशी जुळतं ठेवा. शब्दन् शब्द तेच हवं असं नाही, पण वस्तू तीच आहे हे कळायला हवं.

क्लिक कमी झाले तर?

शीर्षक बदलल्यावर बरेच जण क्लिकचा आकडा बघतात आणि तो घसरला की घाबरून जुनं शीर्षक परत लावतात. समजा, पाच किलोच्या पिशवीवर जुन्या शीर्षकाने महिन्यात २०० क्लिक आले, प्रत्येक क्लिक ५ रुपयांचा. खर्च १००० रुपये आणि ऑर्डर ४. म्हणजे एका ऑर्डरला जाहिरातीचे २५० रुपये लागले. नव्या शीर्षकाने क्लिक १४० वर आले, खर्च ७०० रुपये आणि ऑर्डर ५. आता एका ऑर्डरला १४० रुपये. आकडे मानलेले आहेत, पण क्लिक कमी होऊनही धंदा कसा सुधारतो ते यातून कळेल. ज्या ताईंना एक किलो हवा होता त्यांनी पाच किलोवर क्लिक करणं थांबवलं, एवढंच झालं. म्हणून बघायचं ते क्लिक नव्हे, तर दर ऑर्डरमागचा खर्च.

चार-पाच ऑर्डरच्या फरकावर लगेच निष्कर्ष काढू नये हेही खरं. माल कमी आणि विक्री थोडी असेल तर किमान महिनाभर नवं शीर्षक तसंच राहू द्या, आणि त्या काळात किंमत किंवा फोटो बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. हंगामाचाही हिशेब ठेवा. नवा तांदूळ बाजारात आल्यानंतरच्या महिन्याची तुलना पावसाळ्यातल्या महिन्याशी केली तर शीर्षकाचं श्रेय धानाला जाईल, किंवा उलट.

शीर्षक बदलताना `id` हा रकाना मात्र जसाच्या तसा ठेवा. वस्तूचा आतापर्यंतचा सगळा इतिहास या क्रमांकाला जोडलेला असतो. नवीन क्रमांक दिला की गुगलच्या लेखी ती वस्तूच नवी होते आणि आधीच्या महिन्याशी तुलना करायला काही उरत नाही.